दीड वाजता जाणारी नोंद

आमच्या घरात तीन घड्याळं चालतात. एक भिंतीवरचं. दुसरं माझ्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात, साडेचार तास मागं. तिथं माझी टीम राहते. तिसरं माझ्या मुलीचं, ठकीचं, चौदा महिन्यांचं, आणि त्याला काटेच नाहीत. ते कधी अकराला थांबतं, कधी साडेबाराला, आणि ते थांबलं की माझं काम सुरू होतं.

ठकी झोपली की घर पाण्याखाली गेल्यासारखं होतं. पडदा हळू हलतो, फ्रिजचा आवाज लांबून आल्यासारखा येतो. मी तिच्या शेजारी पाय मुडपून बसते आणि मांडीवरच्या पडद्यात दूरदेशीची पुस्तकं पाहते. पुस्तकं नव्हे, पुस्तकांच्या नोंदी. तिकडच्या ग्रंथालयांच्या जुन्या याद्या एकत्र करून एकच यादी बनवायचं काम आमची कंपनी करते. एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी सापडल्या की यंत्र त्यांची जोडी लावून माझ्याकडं पाठवतं. मी पाहायचं: खरंच एकच पुस्तक आहे, की नुसतं नाव सारखं? सहा महिन्यांची इंटर्नशिप, घरबसल्या. लग्न, बाळंतपण, मग ठकी, अशी चार वर्षं गेल्यावर मिळालेली पहिली कमाई.

टीममध्ये माझा संबंध दोघांशीच. एक मार्गदर्शक बाई, पन्नाशीच्या, करड्या केसांच्या. दुसरा माझ्याच वयाचा, ज्याला मी मनातल्या मनात जोडारी म्हणते, कारण मी तपासलेल्या जोड्या शेवटी तो सांधतो. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत. पण माझ्या कानाशी येईपर्यंत ते मराठी होतं, आणि तिथं बाई मला ‘तू’ म्हणतात, मी त्यांना ‘तुम्ही’.

आमच्यात बैठका कमी. मंगळवारी आणि शुक्रवारी, माझ्या तीन वाजता, त्यांच्या साडेदहाला. बाकी सगळं लिहून. टीमचं एक पान आहे, त्यावर रोज तीन ओळी टाकायच्या: काय झालं, काय अडलं, पुढं काय. पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं होतं, “तू झोपलेली असशील तेव्हा मी तुझ्या ओळीवर काम करत असेन. म्हणून ओळ अशी लिही, की तुला उठवून विचारावं लागणार नाही.”

मला ते फार आवडलं होतं. एका माणसानं निजताना उशाशी तांब्या भरून ठेवावा आणि दुसऱ्यानं उठून त्यातलं पाणी प्यावं, तसं.

पण माझं काम पहाटे पाचला, मग ठकीच्या झोपेत, मग संध्याकाळी ती बाबाच्या खांद्यावर असताना अर्धा तास, असं तुकड्यातुकड्यानं. पहाटे पाच म्हणजे तिकडं रात्रीचा साडेबाराचा सुमार. त्या वेळी नोंद टाकली तर बाईंच्या उशाशी फोन वाजेल, असं मला वाटलं. शिवाय खरं सांगायचं तर, एखाद्याला माझ्या नोंदी पहाटे पावणेसहा, दुपारी एक वीस, संध्याकाळी सात पाच अशा पडलेल्या दिसल्या तर तो काय समजेल? म्हणेल, ही बाई काम करते की लपंडाव खेळते?

तर मी एक सोय वापरू लागले. नोंद लिहून ठेवायची, आणि ती कधी जावी ते यंत्राला सांगायचं. माझी नोंद रोज दुपारी बरोबर दीड वाजता जाई. तिकडं नऊ. ऑफिस उघडताना ताजी नोंद दारात, दुधाच्या पिशवीसारखी. माझ्या कॅलेंडरवरही सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी स्वच्छ, मोकळी पट्टी होती. कुठं ठकी नाही, कुठं झोप नाही.

“काय गं, आज दिवसभर त्या डब्यात डोकं घातलं नाहीस, आणि तुझं काम झालं म्हणतेस?” आमच्या सासूबाईंनी एकदा विचारलं. त्यांना मी आईच म्हणते. त्या भिंगातून पेपर वाचत होत्या.

“माझं काम मी नसताना जातं, आई.”

“बरं आहे बाई. आमच्या वेळी आमटीसुद्धा आम्ही नसताना उकळत नव्हती.”

सुरुवातीला मी झालेल्या कामाचीच नोंद ठेवत असे. मग एकदा दहा जोड्या राहिल्या होत्या, आणि त्या सकाळी होणारच होत्या, तर संध्याकाळीच लिहून टाकलं, ‘गठ्ठा नऊ तपासला’. सकाळी झाल्याही. दीडला नोंद गेली तेव्हा ती खरी होती. पुढच्या वेळी वीस राहिल्या होत्या. त्याही झाल्या. खोटं बोलतेय असं वाटतच नव्हतं. उद्याच्या तारखेचं खरं बोलतेय, एवढंच.

चौदाव्या गठ्ठ्यात तीनशे बारा जोड्या होत्या. मंगळवारी संध्याकाळी दोनशे चोपन्न झाल्या. अठ्ठावन्न राहिल्या. शुक्रवारी माझी अखेरची बैठक होती. इंटर्नशिप संपून नोकरी द्यायची की नाही, ते त्यात ठरायचं होतं. बैठकीचं निमंत्रण मीच पाठवलं होतं, दोन्हीकडच्या वेळा लिहून. मी नोंद लिहिली, ‘गठ्ठा चौदा पूर्ण तपासला. अडलेलं काही नाही. जोडायला हरकत नाही.’ बुधवार, दुपारी दीड, असं यंत्राला सांगितलं आणि ठकीला मऊ भात भरवायला गेले.

पहाटे तिचं अंग तव्यासारखं लागलं.

त्यानंतरचे तास मला सलग आठवत नाहीत. ओल्या पट्ट्या आठवतात. ठकीचा बाबा प्रयोगशाळेत रक्त तपासतो, त्याची पाळी सकाळी सातची. तो दारात चप्पल घालून उभाच राहिला होता ते आठवतं.

“सुट्टी टाकू का?”

“जा तू. लागलं तर फोन करते.”

“तुझं ऑफिस?”

“माझं ऑफिस काय, कुठं पळून जात नाही,” मी म्हणाले. नोंद आठवलीच नाही. एकदाही नाही.

मुलांच्या डॉक्टरांकडं आमचा नंबर एकविसावा होता. लांबट खोली, भिंतीला टेकवलेली बाकं, काचेच्या टाकीत दोन मासे. औषधाचा पहिला डोस लागू पडला होता आणि ठकी माझ्या छातीवर गाढ झोपली होती. तिच्या टाळूतून ऊब वर येत होती. आई शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मासे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं जात आणि परत येत. मला वाटलं, हीसुद्धा एक टीमच आहे; एक टोकाला पोचला की दुसरा निघतो. माझे डोळे मिटत होते. कुणीतरी नंबर पुकारत होतं, अकरा, बारा, आणि ते आकडे पाण्यातून वर येणाऱ्या बुडबुड्यांसारखे फुटत होते.

तेव्हा पिशवीत फोन थरथरला.

“बघा ना आई, ठकीच्या बाबाचा असेल.”

आईंनी फोन लांब धरला, डोळे बारीक केले. “नुसता अंगठा आलाय. खाली इंग्रजीत काहीतरी.”

मी एका हातानं फोन घेतला. माझ्या नोंदीखाली जोडारीचा अंगठा होता. खाली ओळ: ‘झकास. दहा मिनिटांत सुरू करतो. आज अकराला तिन्ही ग्रंथालयांना यादी उघडून देऊ.’

दवाखान्याच्या भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून बारा मिनिटं झाली होती. ओळ एक पन्नासची होती. ती आत्ता आलेली नव्हतीच; न पाहिलेल्या ओळीची आठवण म्हणून फोन दुसऱ्यांदा थरथरला होता. म्हणजे जोडणं सुरू होऊन बारा मिनिटं झाली होती. त्यांचे अकरा म्हणजे माझे साडेतीन. एकदा ग्रंथालयातली माणसं त्या यादीवर काम करू लागली की मागं फिरायला वाट नाही. जुनी प्रत परत आणली तर त्यांचं सगळं काम पुसलं जाणार.

अठ्ठावन्न जोड्या. शंभरात दोन-तीनच चुकीच्या निघतात. म्हणजे अठ्ठावन्नात एक. फार तर दोन. लाखो पुस्तकांत एक पुस्तक नाहीसं झालं तर कुणाच्या लक्षात येतंय? शुक्रवार परवावर आला होता. मी ठकीच्या केसांवर ओठ टेकवून बसले. कुणीही मला काहीही विचारत नव्हतं, आणि हीच तर सोय होती. ओळ अशी लिहिली होती, की कुणाला विचारावं लागू नये.

“काय झालं?” आईंनी विचारलं. “तोंड का असं?”

“काल मी एक गोष्ट लिहिली. आज सकाळी ती खरी होईल असं धरून. झाली नाही.”

“मग?”

“ती मी नसताना गेली.”

आईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. “आमटी लागली म्हणजे,” त्या म्हणाल्या. “गॅस बंद कर आधी. भांडं नंतर घासता येतं.”

ठकीला त्यांनी अलगद माझ्यावरून आपल्या खांद्यावर घेतलं. तिला जाग आली नाही. मी लिहिलं, आणि एकट्या बाईंना नाही, टीमच्या पानावर, सगळ्यांसमोर: ‘जोडणं थांबव. गठ्ठा चौदामधल्या २५५ ते ३१२ या जोड्या मी तपासलेल्या नाहीत. माझी नोंद खरी नाही.’ कारण लिहायला लागले आणि पुसलं. कारणाला वेळ होता.

एक मिनिट काहीच आलं नाही. मग जोडारी: ‘थांबवलं. २७१ पर्यंत गेलो होतो.’ मग: ‘जुनी प्रत परत आणतोय. आज उघडणं रद्द. ग्रंथालयांना मी कळवतो.’

या वेळी अंगठा नाही, झकास नाही.

मग बाई आल्या. ‘आपण बोलू या. तुझ्या कॅलेंडरवर आत्ता मोकळं दिसतंय. मोकळी आहेस का?’

मी तो प्रश्न पुन्हा वाचला. सहा महिन्यांत मी त्याला पाचशे वेळा ‘हो’ म्हटलं असेन, एकाही वेळी न लिहिता. ‘नाही,’ मी लिहिलं. ‘मी डॉक्टरांकडं आहे. मुलगी आजारी आहे. आणि ती बरी असते तेव्हाही मी या वेळी मोकळी नसते.’

‘कधी असतेस?’

‘आज पाच वाजता. तुमचे साडेबारा.’

‘ती माझी जेवायची वेळ,’ असं आलं. मग पुन्हा, ‘चालेल. निमंत्रण पाठव.’

पाच वाजता ठकीचा ताप उतरला होता. ती आजीच्या पुढ्यात बसून चमचा जमिनीवर आपटत होती, आणि तो आवाज बैठकीत जात होता. मी तो बंद केला नाही. बाई एका डब्यातून काहीतरी हिरवं खात होत्या.

मी सगळं सांगितलं. पहाट, तुकडे, दीडची सोय, दहा जोड्या, वीस जोड्या. त्या खाता खाता ऐकत होत्या.

“एक कळलं नाही,” शेवटी त्या म्हणाल्या. “दीडच का?”

“तुम्ही झोपलेल्या असताना फोन वाजू नये म्हणून.”

“अगं, माझा फोन माझ्या आधी झोपतो. संध्याकाळी सहानंतर तो मुका. आमच्याकडं सगळ्यांचाच.” त्या हसल्या नाहीत, पण चमचा खाली ठेवला. “हे तू पहिल्या आठवड्यात विचारलं असतंस तर दोन वाक्यांत संपलं असतं.”

मी ते समोरच्या कागदावर लिहून घेतलं.

“उशीर झाला असता तर मला काही वाटलं नसतं. मूल आजारी पडतं, गठ्ठा एक दिवस थांबतो. पण आता माझी अडचण वेगळी आहे. शुक्रवारी मी तुझ्या नोंदी समोर ठेवून निर्णय घेणार होते. त्यातल्या खऱ्या कुठल्या, मला कसं कळायचं?”

“मी सांगते.”

“सांगू नकोस. लिही. प्रत्येक नोंदीपुढं, ते काम खरोखर कधी संपलं. आणि शुक्रवारची बैठक रद्द कर. नवी तारीख तूच काढ. पण या वेळी आधी तुझं कॅलेंडर खरं कर, मग तारीख काढ.”

त्या गेल्यावर पडदा काळा झाला आणि त्यात मी दिसले, ओढणीवर औषधाचा गुलाबी डाग. ठकीचा बाबा दारात उभा होता. किती वेळ होता कुणास ठाऊक.

“गेली का नोकरी?” त्यानं हळूच विचारलं.

“माहीत नाही. अजून तिकडं दुपार आहे.”

“म्हणजे आशेला जागा आहे.” त्यानं डबा ओट्यावर ठेवला. “मी तुला विचारलं होतं, सुट्टी टाकू का. तू मलाही मोकळी पट्टीच दाखवलीस.”

मी त्याचा डबा उघडून घासायला घेतला.

त्या अठ्ठावन्न जोड्या मी दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिल्या. सत्तावन्न बरोबर होत्या. दोनशे त्रेसष्टावीत पुस्तक एकच, लेखक एकच, पानं मात्र दुप्पट. पुन्हा पाहिलं. दुसरी प्रत मोठ्या अक्षरांची होती, कमी दिसणाऱ्यांसाठी. तिन्ही ग्रंथालयांत मिळून तशी एकच. जोडलेलीच राहिली असती तर यादीतून गेली असती, कपाटात असूनही. आईंचं भिंग टेबलावर पडलेलं होतं. मी ते उचलून त्याच्या डबीत ठेवलं, आणि नोंद लिहिली: ‘२६३ जोडू नये. बाकी ५७ बरोबर. संपलं: पहाटे ५.४०.’ आणि तेव्हाच टाकली. तिकडं रात्रीचे एक वाजून दहा. कुणाचाही फोन वाजला नाही. मी कान देऊन बसले होते, जणू इथं ऐकू येणार होतं.

मग जुन्या नोंदी. एकूण एकशे एकोणीस. एकशे पंधरा लिहिल्या तेव्हा खऱ्या होत्या. चार नव्हत्या. तीन दीडच्या आत खऱ्या झाल्या. चौथी, गठ्ठा चौदाची, झालीच नाही. हे लिहिताना चारच्या खाली दोनदा रेघ मारली, आणि प्रत्येकीपुढं खरी वेळ टाकत गेले. मला वाटलं होतं, पान फाटकं दिसेल. तसं ते दिसलंच. पण सगळ्या वेळा एकाखाली एक लागल्यावर त्यात ठकीही दिसू लागली. दात आले तो आठवडा. ती एका झोपेवर आली तो महिना. गेल्या सहा महिन्यांतली ती, आकड्यांत.

कॅलेंडर खरं करायला अर्धा तास लागला. पाच ते साडेसात, काम. साडेबारा ते अडीच, ‘मुलीची झोप, काम, बोलता येणार नाही’. पाच ते सहा, बोलता येईल. बाकी पट्टी राखाडी. एवढीशी राहिली मोकळी, चौकटीतल्या उन्हासारखी. बाईंची आणि जोडारीची पट्टी तिच्याशेजारी ठेवली, आणि त्या तासात तिघांचंही मोकळं निघालं ते नवव्या दिवशी. निमंत्रण पाठवलं. जोडारीनं ते स्वीकारलं, खाली लिहिलं, ‘२६३ पाहिलं. चांगली नजर आहे.’ मग जरा वेळानं, ‘पण यापुढं मी सुरू करण्याआधी विचारणार.’

‘विचार,’ मी लिहिलं.

बैठक पाच वाजता झाली. बाईंसमोर माझं पान उघडं होतं.

“पूर्ण वेळेची जागा मी तुला देणार नाही,” त्या म्हणाल्या. “ती जागा नऊ ते सहाची आहे, आणि तू नऊ ते सहा नाहीस. हे पान सांगतं. तू रोज साडेचार-पाच तास आहेस, तुकड्यात, पण त्या तुकड्यांत तुझा हात पक्का आहे. अर्ध्या वेळेची जागा आहे. सहा महिने. पहिले दोन महिने प्रत्येक गठ्ठ्याआधी जोडारी तुझ्याकडून ‘झालं’ असं त्याच वेळी लिहून घेणार.”

जोडारीला त्यांनी त्याच्या खऱ्या नावानंच हाक मारली होती. माझ्या कानानं तेवढं बदललं.

“अर्धी तर अर्धी,” मी म्हणाले, आणि मग वाटलं, हे नीट बोलायला हवं. “मला हवी आहे. मी खरं लिहीन.”

“उशिरा लिहिलंस तरी चालेल.”

“हो.”

“तो कसला आवाज?”

“चमचा,” मी म्हणाले.

आता पहाटे पाचला मी उठते. भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही इतका अंधार असतो, आणि कोपऱ्यातल्या घड्याळात तिकडची मध्यरात्र. ती माणसं झोपलेली, त्यांचे फोन झोपलेले, ठकी झोपलेली. एवढ्या सगळ्यांच्या झोपेच्या मधोमध मी एकटी जागी, जोड्या पाहत. हे पुस्तक ते पुस्तक आहे का? आहे. हे? नाही. संपलं की मी ओळ लिहिते, आणि लिहिल्या लिहिल्या टाकते. परवा अशीच टाकली: ‘गठ्ठा सतरा. २०१ पैकी ११८ झाल्या. बाकी झालेल्या नाहीत.’ ५.५२.

पाठीमागं पलंगावर हालचाल झाली. ठकी उठून बसली होती, केस उभे, आणि मला शोधत होती. तिच्या घड्याळात सकाळ झाली होती.

मी लॅपटॉप मिटला. बाकीच्या त्र्याऐंशी तिथंच राहिल्या, न झालेल्या.